थोडे शेअर विकल्यानंतर पोर्टफोलिओ स्टेटमेंट कसे तपासायचे

एखाद्या कंपनीचे सगळे शेअर विकून टाकले, तर हिशेब सोपा असतो. किती घातले, किती आले, संपले. गुंता होतो तो थोडे विकून थोडे ठेवले की. उरलेल्या शेअरची सरासरी खरेदी किंमत अचानक वाढते किंवा कमी होते, आणि नफ्याच्या टक्क्यावर विश्वास ठेवावा की नाही तेच कळत नाही.

माझे सासरे वर्षानुवर्षे लक्ष्मी रोडवरच्या एका ब्रोकरच्या शाखेतून शेअर घेत आले. त्यांचे व्यवहार मी पाहू लागले, तेव्हा शाखेतून आलेला छापील कागद आणि मोबाइलमधले ॲप यांचे आकडे जुळत नव्हते. एकाच कंपनीत एकीकडे नफा होता, दुसरीकडे तोटा. नंतर कळले की दोन्ही आकडे बरोबर होते, फक्त ते वेगळ्या पद्धतीने काढलेले होते. नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही, म्हणून सगळी पडताळणी एका उदाहरणावरून क्रमाने मांडते आहे.

हाताशी काय हवे

- ज्या तारखेचे तपासायचे आहे ते पोर्टफोलिओ स्टेटमेंट
- त्या कंपनीच्या खरेदी-विक्रीच्या सगळ्या काँट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याच्या दिवशी ब्रोकर पाठवतो त्या पावत्या, किंवा ब्रोकरच्या साइटवरून उतरवून घेतलेले ट्रेडबुक. अगदी पहिल्या खरेदीपासूनचे
- डीमॅट खात्याचे व्यवहार विवरण. खाते सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे असेल तर `Easi` आणि एनएसडीएलकडे असेल तर `IDeAS` वर लॉगिन करून ते मिळते
- वही, किंवा एक्सेलसारखी शीट

व्यवहार झालेल्या महिन्यानंतर ईमेलवर येणारे एकत्रित विवरण, ज्याला सगळे कॅस म्हणतात, तेही जवळ ठेवा. पण त्यात शेअरची संख्या आणि बाजारमूल्य असते, तुम्ही काय भावाने घेतले ते नसते. खरेदी किमतीचा खरा पुरावा काँट्रॅक्ट नोटच.

## १. एकाच कंपनीपासून सुरुवात करा

पूर्ण पोर्टफोलिओ एकदम तपासायला बसू नका. ज्या कंपनीचे काही शेअर विकले आहेत अशी एकच निवडा आणि तिचे व्यवहार तारखेच्या क्रमाने लिहून काढा. आपण एक काल्पनिक कंपनी घेऊ:

| तारीख | व्यवहार | संख्या | भाव (रु.) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|---|
| १० एप्रिल २०२३ | खरेदी | १०० | २०० | २०,००० |
| १५ जानेवारी २०२४ | खरेदी | ५० | २६० | १३,००० |
| ५ ऑगस्ट २०२४ | खरेदी | ५० | ३०० | १५,००० |
| ६ जानेवारी २०२५ | विक्री | १२० | ३२० | ३८,४०० |

स्टेटमेंट ३१ मार्च २०२५ चे आहे आणि त्यात बाजारभाव २७० रुपये धरला आहे. दलाली आणि कर तूर्त बाजूला ठेवू, त्यांच्याकडे नंतर येऊ.

## २. आधी संख्या जुळवा

घेतले २००, विकले १२०, उरले ८०. स्टेटमेंट ८० म्हणते का? डीमॅट विवरणातही ८० आहेत का? ही दोन उत्तरे 'हो' येईपर्यंत भावाच्या हिशेबाला हात लावू नका. संख्या चुकलेली असताना काढलेली सरासरी पुन्हा काढावीच लागते.

तारखांमध्ये एखाद्या दिवसाचा फरक दिसला तर घाबरू नका. आता सौदा झाल्यावर पुढच्या कामकाजाच्या दिवशी शेअर खात्यात येतात, त्यामुळे काँट्रॅक्ट नोटवरची तारीख आणि डीमॅटमधली तारीख वेगळी असणारच. तारण ठेवलेले शेअरही काही स्टेटमेंटमध्ये वेगळ्या रकान्यात जातात. ते धरून बेरीज करा.

संख्येच्या बाबतीत एक गोष्ट नवीन लोकांना हमखास फसवते. सकाळी खात्यातले ५० शेअर विकले आणि भाव पडला म्हणून दुपारी तेच ५० परत घेतले, तर ब्रोकर हा व्यवहार सहसा इंट्राडे, म्हणजे त्याच दिवसात मिटलेला, धरतो. त्याच एक्सचेंजवर दोन्ही सौदे झाले असतील तर डीमॅटमधून एकही शेअर हलत नाही. म्हणून उरलेल्या शेअरची सरासरी बदलत नाही, आणि त्या दिवसाचा नफा-तोटा वेगळ्या सदरात जातो. तुमच्या वहीत मात्र तुम्ही विक्री आणि नवी खरेदी अशा दोन ओळी लिहिलेल्या असतात, आणि मग पुढचे काहीच जुळत नाही. एकाच दिवसाच्या अशा जोड्या आधी शोधून वेगळ्या काढा.

## ३. फिफोने उरलेल्या शेअरची किंमत काढा

फिफो म्हणजे जे आधी घेतले तेच आधी विकले असे धरायचे. डीमॅटमधल्या शेअरसाठी आयकराचा नियम हाच आहे, त्यामुळे बहुतेक ब्रोकरच्या कर अहवालात आणि बऱ्याच ॲपच्या होल्डिंगमध्ये हीच पद्धत असते.

आपण १२० विकले. त्यातले पहिले १०० हे एप्रिल २०२३ चे, २०० रुपयांचे. उरलेले २० जानेवारी २०२४ च्या खरेदीतले, २६० रुपयांचे. म्हणजे हातात राहिले:

- २६० रुपयांचे ३० शेअर, ७,८०० रुपये
- ३०० रुपयांचे ५० शेअर, १५,००० रुपये

एकूण २२,८०० रुपये. त्याला ८० ने भागले की सरासरी येते २८५ रुपये. एक्सेलमध्ये उरलेल्या खरेदीच्या ओळींसाठी हे सूत्र पुरते. B रकान्यात संख्या आणि C मध्ये भाव आहे:

```
=SUMPRODUCT(B2:B3,C2:C3)/SUM(B2:B3)
```

विकण्याआधी सरासरी होती ४८,००० भागिले २००, म्हणजे २४०. विकल्यावर ती २८५ झाली. नवीन माणूस इथेच बिचकतो, कारण काहीही विकत न घेता सरासरी ४५ रुपयांनी वाढलेली असते. यात चूक काही नाही. स्वस्तातले शेअर आधी गेले, महागडे मागे राहिले.

## ४. मग भारित सरासरीने काढा

दुसऱ्या पद्धतीत सगळे शेअर एका ढिगात मिसळले आहेत असे धरतात. प्रत्येक शेअर २४० रुपयांचा. १२० विकले तर त्यांची किंमत २८,८०० वजा होते, ८० उरतात, त्यांची किंमत १९,२०० आणि सरासरी २४० च. या पद्धतीत विक्रीने सरासरी हलत नाही, फक्त नव्या खरेदीने हलते. स्टेटमेंट कोणत्या पद्धतीचे आहे हे ओळखायची सर्वांत सोपी खूण हीच. विक्रीच्या आधीचे आणि नंतरचे स्टेटमेंट शेजारी ठेवा. सरासरी तीच राहिली तर भारित, बदलली तर फिफो. पद्धतीचे नाव स्टेटमेंटच्या तळटीपेत बारीक अक्षरात लिहिलेले असते असेही अनेकदा होते, तेवढे एकदा वाचा.

विक्रीनंतर पुन्हा खरेदी झाली असेल तर इथे एक खड्डा आहे. समजा नंतर २५० रुपयांनी २० शेअर घेतले. अनेक जण आयुष्यभराच्या सगळ्या खरेदीची बेरीज करून सगळ्या संख्येने भागतात: ५३,००० भागिले २२०, म्हणजे सुमारे २४०.९१. हे चूक आहे, कारण त्यात विकलेले शेअरही मोजले गेले. बरोबर रीत म्हणजे विक्रीनंतर उरलेल्या १९,२०० मध्ये ५,००० मिळवायचे आणि १०० ने भागायचे. उत्तर २४२. या उदाहरणात फरक रुपयाभराचा दिसतो, पण वरचेवर थोडे विकून पुन्हा घेणाऱ्याच्या वहीत तो वाढत जातो. फिफोत याच खरेदीनंतर २२,८०० अधिक ५,००० भागिले १००, म्हणजे २७८ येतात.

पुढच्या पायऱ्यांत आपण ही जादा खरेदी सोडून मूळ ८० शेअरवरच राहू.

## ५. चालू मूल्य तपासा

उरलेली संख्या गुणिले बाजारभाव. ८० गुणिले २७०, म्हणजे २१,६००. चालू मूल्याला खरेदीच्या पद्धतीशी काही देणेघेणे नाही, त्यामुळे दोन स्टेटमेंटची तारीख एकच असेल तर हा आकडा जवळजवळ सारखाच यायला हवा. येत नसेल, तर भाव कुठला आणि कधीचा धरला ते पाहा.

ॲपमध्ये चालू दिवसात शेवटच्या सौद्याचा भाव असतो, त्यावर `LTP` असे लिहिलेले असते. छापील स्टेटमेंटमध्ये बंद भाव असतो. एनएसई आणि बीएसईचे बंद भाव काही पैशांनी किंवा रुपयाने वेगळे असू शकतात. आणि तारखेचे पाहायचे तर ३१ मार्च २०२५ ला रमजान ईदनिमित्त शेअर बाजार बंद होता, म्हणून त्या तारखेच्या स्टेटमेंटमध्ये शुक्रवार २८ मार्चचा बंद भाव असतो. ३१ मार्चचा भाव शोधत बसलात तर सापडणारच नाही.

## ६. टक्का काढा, आणि कशाने भागले ते बघा

उरलेल्या शेअरवरचा नफा-तोटा म्हणजे चालू मूल्य वजा उरलेल्या शेअरची खरेदी किंमत. टक्क्यासाठी त्याला उरलेल्या शेअरच्या खरेदी किमतीनेच भागायचे.

फिफोने: २१,६०० वजा २२,८००, म्हणजे १,२०० तोटा. भागिले २२,८००, उणे ५.२६ टक्के.

भारित सरासरीने: २१,६०० वजा १९,२००, म्हणजे २,४०० नफा. भागिले १९,२००, अधिक १२.५ टक्के.

तेच शेअर, तीच तारीख, तोच भाव; एक कागद लाल आणि दुसरा हिरवा. आमच्या घरी झाले ते नेमके हेच. शेजारच्या काकू असाच लाल आकडा पाहून सगळे विकायला निघाल्या होत्या, म्हणून सांगते: पद्धत कळल्याशिवाय या टक्क्यावरून विकण्या-ठेवण्याचा निर्णय घेऊ नका.

काही जणांच्या वहीत तिसरीच पद्धत असते. घातलेल्या ४८,००० मधून विक्रीचे ३८,४०० वजा करायचे, उरलेले ९,६०० म्हणजे 'आता अडकलेले पैसे', भागिले ८०, म्हणजे शेअर १२० रुपयांना पडला. मग नफा १२,००० आणि टक्का १२५. स्वतःच्या समाधानासाठी हा आकडा कुणी ठेवत असेल तर ठेवू द्या, पण ती सरासरी खरेदी किंमत नाही. त्यात विकलेल्या शेअरचा नफा उरलेल्या शेअरच्या खात्यावर टाकलेला असतो. कुठल्या स्टेटमेंटमध्ये किंवा शीटमध्ये सरासरी तुमच्या सर्वांत स्वस्त खरेदीपेक्षाही कमी दिसली, आणि कंपनीने फुकट शेअर देऊन बोनस किंवा एका शेअरचे अनेक करून स्प्लिट केलेला नसेल, तर हीच पद्धत वापरली आहे असा संशय घ्या.

## ७. एकूण बेरजेने ताळा करा

मला सर्वांत भरवशाची वाटते ती ही पायरी. विकलेल्या शेअरवरचा नफा आणि उरलेल्यांवरचा नफा यांची बेरीज करा.

| | फिफो | भारित सरासरी |
|---|---|---|
| विकलेल्या १२० ची खरेदी किंमत | २५,२०० | २८,८०० |
| विकलेल्यांवर नफा | १३,२०० | ९,६०० |
| उरलेल्या ८० वर | –१,२०० | २,४०० |
| एकूण | १२,००० | १२,००० |

पद्धत कोणतीही असो, एकूण बेरीज एकच यायला हवी. ती पद्धतीवर अवलंबून नसणाऱ्या दुसऱ्या वाटेनेही काढता येते: विक्रीचे ३८,४०० अधिक चालू मूल्य २१,६०० वजा एकूण खरेदी ४८,०००. उत्तर १२,०००. पद्धत फक्त हा नफा विकलेल्या आणि उरलेल्या शेअरमध्ये वाटून देते. म्हणून दोन स्टेटमेंटचे टक्के वेगळे असले तरी ही बेरीज जुळली, तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. बेरीजच जुळली नाही, तर मात्र एखादा व्यवहार गाळला गेला आहे किंवा भाव चुकीचा चढला आहे.

कराच्या वेळी फिफोचाच आकडा चालतो. आपल्या उदाहरणात १३,२०० चे दोन भाग होतात. एप्रिल २०२३ च्या १०० शेअरवरचे १२,००० हा दीर्घकालीन नफा, कारण बारा महिने उलटून गेले होते. पण १५ जानेवारी २०२४ ला घेतलेले २० शेअर ६ जानेवारी २०२५ ला विकले गेले, वर्ष भरायला काही दिवस कमी असताना. म्हणून त्यांच्यावरचे १,२०० अल्पकालीन. २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीन नफ्यावर २० टक्के आणि दीर्घकालीन नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाच्या वर, साडेबारा टक्के दर आहे. सीएकडे भारित सरासरीचे स्टेटमेंट घेऊन गेलात तर ही विभागणी त्यातून निघतच नाही.

आणखी एक: फिफो प्रत्येक डीमॅट खात्यापुरता स्वतंत्र चालतो. एकाच कंपनीचे शेअर दोन खात्यांत असतील आणि विक्री एका खात्यातून झाली असेल, तर दुसऱ्या खात्यातली जुनी खरेदी त्यात ओढायची नाही.

## ८. बोनस आणि स्प्लिट असेल तर थांबून बघा

पुणेकरांना ओळखीचे उदाहरण घेऊ. आकुर्डीत नोंदणीकृत कार्यालय असलेल्या बजाज फायनान्सने जून २०२५ मध्ये एका शेअरचे दोन केले आणि त्या प्रत्येकावर चार बोनस दिले. रेकॉर्ड तारीख, म्हणजे ज्या दिवशीच्या भागधारकांना हे मिळते ती, १६ जून होती. म्हणजे ज्याच्याकडे १ होता त्याच्याकडे १० झाले, आणि बाजारभाव साधारण दहाव्या हिश्श्यावर आला. नवे शेअर खात्यात जमा व्हायला काही दिवस लागतात. तेवढ्या काळात ॲपमध्ये जुनी संख्या आणि नवा भाव धरला गेला, तर प्रचंड तोटा दिसतो. तो खरा नसतो.

खरा पेच पुढे आहे. समजा तो एक शेअर ७,००० ला घेतला होता. बरीच ॲप ७,००० ला १० ने भागून प्रत्येकी ७०० दाखवतात. कराच्या हिशेबात मात्र स्प्लिटचे दोन शेअर प्रत्येकी ३,५०० चे आणि बोनसचे आठ शून्य रुपयांचे. आता बाजारभाव ९०० असताना त्यातले २ विकले. फिफोने मूळचे दोन गेले: मिळाले १,८००, किंमत ७,०००, तोटा ५,२००. उरलेल्या आठांची सरासरी शून्य. शून्याने भागता येत नाही, म्हणून काही अहवालांत टक्क्याच्या जागी रेघ असते. ॲप मात्र विकलेल्या दोघांवर ४०० नफा आणि उरलेल्या आठांवर १,६०० नफा, म्हणजे २८.५७ टक्के दाखवेल. ताळा करून बघा: फिफोने उणे ५,२०० अधिक ७,२००, ॲपने ४०० अधिक १,६००. दोन्हीकडे २,०००.

अशा विक्रीत दिसणारा तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करायचा विचार असेल तर आधी सीएला तारखा दाखवा. रेकॉर्ड तारखेच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेले मूळ शेअर बोनस हातात ठेवून नंतरच्या नऊ महिन्यांत विकले, तर तो तोटा आयकरात धरला जात नाही.

## ९. तरीही फरक राहिला तर

आता बाजूला ठेवलेल्या खर्चांकडे येऊ. २०,००० च्या खरेदीवर एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर, ०.१ टक्का म्हणजे २० रुपये, मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्का म्हणजे ३ रुपये. दलाली अर्धा टक्का धरली तर १००, तिच्यावर जीएसटी १८. एक्सचेंजची किरकोळ फी सोडली तर एकूण २०,१४१, आणि शेअर पडला २०१.४१ ला. काही स्टेटमेंट हे सगळे धरतात, काही फक्त दलाली धरतात, काही नुसता सौद्याचा भाव घेतात. कराच्या हिशेबात एसटीटी खर्च म्हणून धरता येत नाही, म्हणून कर अहवालातला आकडा आणखी वेगळा येतो. फरक एक टक्क्याच्या आत असेल तर कारण बहुधा खर्चाचे. २८५ ऐवजी २४० दिसत असेल तर ते पद्धतीचे.

सरासरी शून्य किंवा रिकामी दिसत असेल आणि बोनसचा संबंध नसेल, तर ते शेअर दुसऱ्या डीमॅटमधून आलेले, भेट मिळालेले किंवा वारसाने आलेले असू शकतात. नव्या ब्रोकरला जुना खरेदी भाव माहीत नसतो. तो आपणच भरावा लागतो, आणि तसे करताना सरासरी टाकू नका. प्रत्येक खरेदी तिच्या मूळ तारखेसह वेगळी भरा. एकत्र सरासरी भरली की पुढच्या विक्रीच्या वेळी फिफो चुकतो आणि अल्पकालीन-दीर्घकालीनचा घोळ होतो.

हे सगळे पाहूनही आकडा बसत नसेल तर ब्रोकरला ईमेल लिहा. शाखेत जाऊन तोंडी सांगितलेल्याची नोंद राहत नाही. 'सरासरी चुकली आहे' एवढेच लिहिलेत तर 'सिस्टिममध्ये बरोबर आहे' असे उत्तर येते. त्यापेक्षा कंपनीचे नाव, स्टेटमेंटची तारीख, त्यांचा आकडा, तुमचा आकडा, तुमची व्यवहारांची तक्ता-शीट आणि ज्या ओळीपासून फरक सुरू होतो त्या तारखेची काँट्रॅक्ट नोट जोडा. ती ओळ शोधायला प्रत्येक विक्रीनंतरची शिल्लक संख्या आणि शिल्लक किंमत शीटमध्ये लिहीत जा, आणि जुनी स्टेटमेंट एकेक मागे जात तपासा. जिथवर जुळते त्याच्या पुढचा पहिला व्यवहार धरा. ठोस उत्तर मिळालेच नाही, तर सेबीच्या `SCORES` पोर्टलवर तक्रार करता येते, आणि तिथे ब्रोकरशी झालेला हाच ईमेलचा व्यवहार उपयोगी पडतो.